आजीचा भांग आणि सात पट्ट्यांचा अ‍ॅटलास

कोथरूडमधल्या आमच्या छोट्या स्टुडिओत सध्या मोबाइलसाठी एक गेम चालू आहे. गोष्ट पेठेतल्या एका वाड्यात घडते आणि तिच्यातलं मुख्य पात्र सत्तरीपुढची आजी आहे. पिकलेले केस, मधोमध भांग, तेल लावून चापून बसवलेले, मागे छोटा अंबाडा. हे केस ब्लेंडरमध्ये हेअर कार्डनं करायचं काम माझ्याकडे होतं. हेअर कार्ड म्हणजे लांबट, सपाट पॉलिगॉनची पट्टी. तिच्यावर केसांचं चित्र असतं आणि केसांमधली जागा अल्फानं कापलेली असते. इंजिन युनिटी, आणि केसांना मिळालेलं बजेट 6000 त्रिकोणांचं.

पहिली आवृत्ती ब्लेंडरमध्ये छान दिसत होती. फोनवर कॅमेरा जवळ असतानाही ठीक होती. पण आजी ओट्यावर आणि कॅमेरा दिंडी दरवाजापाशी, एवढं अंतर पडलं की दोन गोष्टी एकदमच घडायच्या. भांगाच्या दोन्ही बाजूंचे केस गायब होऊन बोटभर रुंद टाळू दिसायची, आणि कानामागचे केस एकजीव होऊन टोपीसारखे व्हायचे. एकाच डोक्यावर एकीकडे टक्कल, दुसरीकडे शिरस्त्राण. त्याशिवाय प्रत्येक बटेला काळपट कड. काळ्या केसांवर ती खपून गेली असती, पांढऱ्यावर ती काजळासारखी उठत होती.

आमच्या ताई, म्हणजे आर्ट लीड, बघून म्हणाल्या, "लेअरिंग कमी पडलंय. भांगापाशी अजून दहा-पंधरा कार्डं टाक." मलाही तेच वाटलं. बारा कार्डं वाढवली. जवळून केस दाट झाले, लांबून टक्कल जसंच्या तसं. लांबून जे कार्ड दिसतच नाही, ते एकावर एक कितीही रचलं तरी बेरीज शून्यच. तिथून मी कार्डं सोडली आणि अ‍ॅटलासकडे, म्हणजे कार्डांवरची केसांची सगळी चित्रं ज्यात शेजारी शेजारी असतात त्या टेक्श्चरकडे, वळले.

आधी मांडणी कशी होती ते सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

कार्डं मी बेझियर कर्व्हवरून काढली. डोक्याच्या मेशवर ड्रॉ टूलनं, प्रोजेक्शन `Surface` ठेवून, भांगापासून अंबाड्याकडे रेघा ओढायच्या आणि त्यांवर जिऑमेट्री नोड्सचा एकच ग्रूप लावायचा. त्यात `Resample Curve` रेघेचे ठरावीक तुकडे करतो आणि `Curve to Mesh` तिच्यावर तीन बिंदूंची आडवी प्रोफाइल चढवतो. मधला बिंदू मी किंचित उचलते. त्यामुळे कार्ड कौलासारखं थोडं उंचावतं आणि बाजूनं बघितलं तरी ब्लेडसारखं नाहीसं होत नाही. यूव्हीसाठी मेश होण्याआधीच रेघेचा आणि प्रोफाइलचा `Spline Parameter` मधला `Factor` `Capture Attribute` मध्ये पकडून ठेवावा लागतो. एकदा मेश झाली की रेघ उरत नाही आणि ही माहितीही उरत नाही. प्रोफाइलचा फॅक्टर आडवा, रेघेचा उभा, दोन्ही जोडून `Store Named Attribute` नं `UVMap` नावानं, फेस कॉर्नरवर, 2D व्हेक्टर म्हणून साठवायचे.

कुठल्या रेघेला अ‍ॅटलासमधली कुठली पट्टी द्यायची, हे आधी मी रेघेच्या क्रमांकावरून रँडम ठरवलं होतं. हे करू नये. मधली एक रेघ पुसली की पुढच्या सगळ्यांचे क्रमांक सरकतात आणि निगुतीनं जुळवलेल्या डोक्यावरची प्रत्येक पट्टी बदलते. आता प्रत्येक पट्टीसाठी माझा वेगळा कर्व्ह ऑब्जेक्ट असतो. नोड ग्रूप तोच, फक्त `U Min` आणि `U Max` हे दोन इनपुट वेगळे.

कार्डाची दिशाही इथेच ठरते. नॉर्मल `Z Up` ठेवला की डोक्याच्या माथ्यावर सगळं सुरेख बसतं, पण रेघ मानेकडे सरळ खाली उतरायला लागली की कार्ड गर्रकन उलटतं. दिशा उभीच झाल्यावर ‘वर’ म्हणजे कुठे, हे ठरवायला काही उरत नाही. म्हणून `Minimum Twist` ठेवायचं आणि उरलेला पीळ एडिट मोडमध्ये Ctrl+T नं हातानं काढायचा. रुंदी टोकाकडे निमुळती करायला Alt+S. दोन्ही गोष्टी नोड्समध्ये पोचतात.

थर चार. सगळ्यात आत दाट पट्टीची 60 कार्डं, त्यांचं काम टाळू झाकणं. त्यावर मध्यम पट्टीची 70, यांच्यामुळे केसांचा ओघ कळतो. वर विरळ पट्टीची 50, ही आतल्या कार्डांच्या कडा मोडतात. कपाळावर आणि कानशिलावर बारीक भुरभुरत्या केसांची 40 छोटी कार्डं. दोन थरांत साधारण 2 मिलिमीटर अंतर, आणि मुळं टाळूच्या 2 मिलिमीटर आत खोचलेली. अंबाड्याची 24 कार्डं वेगळी. सगळे मिळून एकूण 5760 त्रिकोण झाले. ताईंनी सुचवलेली बारा कार्डं मी पुन्हा काढून टाकली.

आता अ‍ॅटलास. 2048 बाय 2048 चं टेक्श्चर, त्यात सात उभ्या पट्ट्या. 320 पिक्सेल रुंदीच्या दोन दाट, 256 च्या दोन मध्यम, 224 च्या दोन विरळ आणि 192 ची एक, बारीक केसांची. पट्ट्यांची बेरीज 1792. दोन्ही कडांना आणि प्रत्येक दोन पट्ट्यांमध्ये 32 पिक्सेलांची मोकळी जागा, अशा आठ जागांचे 256. एकूण चोख 2048. बारीक केस 4 सेंटिमीटरचे असल्यामुळे त्यांची पट्टी उभी चार भागांत तोडली, म्हणजे त्याच जागेत चार नमुने मिळाले. मोकळी जागा उदारपणे ठेवली, कारण टेक्श्चर लहान लहान होत जाताना शेजारच्या पट्टीचे केस या पट्टीत झिरपतात आणि कार्डाच्या कडेला एक उभी, सरळ, अगदी खोटी दिसणारी रेघ उमटते.

पट्ट्यांवरचे केस मी सपाट जागेवर हेअर कर्व्ह मांडून, वरून ऑर्थोग्राफिक कॅमेऱ्यानं रेंडर केले. कॅमेऱ्याचा `Orthographic Scale` 0.16, म्हणजे 16 सेंटिमीटरमध्ये 2048 पिक्सेल, एका मिलिमीटरला 12.8.

पहिली चूक इथे सापडली. माणसाचा केस साधारण 0.07 मिलिमीटर जाड असतो आणि मी इमानेइतबारे तेवढाच ठेवला होता. 12.8 नं गुणलं तर 0.9 पिक्सेल. एक पिक्सेलसुद्धा पुरा न भरणारा केस अल्फामध्ये पांढरा येतच नाही, करडा येतो. आमचा शेडर 0.5 च्या खालचं सगळं कापून टाकतो, म्हणजे यातले बरेच केस जवळूनच अर्धेमुर्धे तुटलेले होते. जाडी 0.2 मिलिमीटर केली, अडीच पिक्सेल. खऱ्या केसाच्या जवळजवळ तिप्पट आहे, पण पडद्यावर तोच केस वाटतो. जाडी वाढली म्हणून संख्या घटवली. दाट पट्टीत 90, मध्यममध्ये 45, विरळमध्ये 18 केस.

दुसरी चूक रंगव्यवस्थेची. अल्फासाठी मी काळ्या पाटीवर पांढरे, स्वतः प्रकाशणारे केस रेंडर करत होते, पण व्ह्यू ट्रान्सफॉर्म ब्लेंडर 4.0 पासून डीफॉल्ट असलेला `AgX` च राहिला होता. तो चित्र सुंदर दिसावं म्हणून बनलेला आहे, आकडे जपण्यासाठी नाही. त्यातून पांढरा पूर्ण पांढरा बाहेर येत नाही. `Standard` लावला तरी अर्ध्या भरलेल्या पिक्सेलचा आकडा 0.5 ऐवजी 0.73 च्या आसपास जातो आणि केस फुगतात. मास्क, मूळ-ते-टोक ग्रेडियंट, प्रत्येक केसाचा रँडम आकडा, हे नकाशे `Raw` मध्येच काढायचे आणि युनिटीत त्या टेक्श्चरची `sRGB` ची खूण काढायची.

काळपट कडेचं कारणही याच टप्प्यावर होतं. आमचा शेडर केसाचा रंग टेक्श्चरमधून थेट घेत नाही. लाल चॅनेलमध्ये ग्रेडियंट, मुळाशी 0 आणि टोकाशी 1, आणि त्यावरून मुळाचा गडद करडा आणि टोकाचा पांढरा यांच्यात मिश्रण होतं. केसांमधली मोकळी जागा काळी, म्हणजे 0. केसाच्या कडेला फिल्टरिंग होताना आतला आकडा आणि बाहेरचा 0 मिसळतो, आणि शेडरला वाटतं की इथे मूळ आहे. म्हणून प्रत्येक केसाला गडद कड. उपाय अगदी साधा निघाला. केसांच्या मागे एक पाटी ठेवायची आणि तिलाच वरून खाली 0 ते 1 असा ग्रेडियंट द्यायचा. केस उभे विंचरलेले असल्यामुळे केसाचा आकडा आणि त्याच्या मागचा आकडा जवळजवळ एकच येतो आणि मिसळलं तरी काही बदलत नाही. रँडम आकड्याच्या नकाशामागे 0.5 ची सपाट करडी पाटी. युनिटीतली `Alpha Is Transparency` ही खूण असंच काहीसं करते, पण मला ते फाइलमध्येच हवं असतं. उद्या हाच अ‍ॅटलास दुसऱ्या इंजिनात गेला तर तिथे ती खूण असेलच असं नाही.

कड गेली. जवळचे केस तुटायचे थांबले. लांबून टक्कल मात्र तसंच.

आमच्या प्रोग्रामरला मी माझ्या टेबलापाशी बोलावलं. त्यानं एकच प्रश्न विचारला, "ओट्यावर बसलेली असताना डोकं पडद्यावर किती पिक्सेलचं आहे?" मोजलं. साधारण 150. म्हणजे 2048 पिक्सेल उंचीची पट्टी जेमतेम सव्वाशे-दीडशे पिक्सेलांत बसतेय. अशा वेळी इंजिन मूळ टेक्श्चर वापरत नाही, त्याची आधीच करून ठेवलेली छोटी प्रत वापरतं. तिला मिप म्हणतात. आमच्या अंतराला चौथी मिप, तिच्यात मूळचे 16 बाय 16 पिक्सेल मिळून एक झालेला असतो.

हे कळल्यावर मी प्रत्येक पट्टी लहान करून तिचा सरासरी अल्फा वाचला. दाट पट्टी 0.65 च्या आसपास. मध्यम 0.4. विरळ 0.2. कापायची रेषा 0.5.

सगळं प्रकरण या तीन आकड्यांत होतं. चौथ्या मिपमध्ये केस वेगळे राहतच नाहीत, फक्त सरासरी राहते. दाट पट्टीची सरासरी रेषेच्या वर, म्हणून ती पूर्ण भरीव होते, हेच कानामागचं शिरस्त्राण. विरळची सरासरी रेषेच्या खाली, म्हणून ती पूर्ण नाहीशी होते. भांगापाशी दाट कार्डं मुद्दाम कमी ठेवली होती, कारण म्हाताऱ्या माणसाचा भांग विरळच असतो. तिथे सगळा भार विरळ आणि मध्यम पट्ट्यांवर होता, म्हणून टक्कल नेमकं तिथेच.

यावर प्रचलित उपाय आहे. इग्नासिओ कास्तान्यो यांनी 2010 मध्ये तो लिहून ठेवला आहे: प्रत्येक मिपचा अल्फा अशा पटीनं वाढवायचा की रेषेच्या वर उरणाऱ्या पिक्सेलांचं प्रमाण मूळ टेक्श्चरइतकंच राहील. युनिटीत यासाठी `Preserve Coverage` नावाची खूण आहे. ती लावली. फरक पडला, पण फार थोडा, आणि भांगाला तर काहीच नाही.

का, ते कागदावर मांडल्यावर दिसलं. हे गणित संपूर्ण टेक्श्चरचं एकत्र होतं, सगळ्या पट्ट्यांना एकच पट. आमच्या अ‍ॅटलासचा एकूण भरलेला भाग साधारण 36 टक्के. चौथ्या मिपमध्ये दोन दाट पट्ट्या भरीव होऊन त्यातले 31 टक्के एकट्याच घेतात. उरलेल्या 5 टक्क्यांत मध्यम पट्टीच्या दाट बटा येतात आणि हिशेब पुरा होतो. विरळ पट्टीची पाळी येतच नाही. एका झाडाच्या पानांच्या टेक्श्चरला हा उपाय चपखल बसतो, कारण तिथे सगळीकडे दाटपणा सारखा असतो. केसांच्या अ‍ॅटलासमध्ये आपण मुद्दाम वेगवेगळ्या दाटपणाच्या पट्ट्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात.

म्हणून मिप आम्ही स्वतः बनवल्या, प्रत्येक पट्टीला तिची तिची पट लावून. `a` म्हणजे त्या मिपमधला एका पट्टीचा अल्फा आणि `target` म्हणजे मूळ टेक्श्चरमध्ये त्या पट्टीचं भरलेलं प्रमाण:

```python
def coverage_scale(a, target, cut=0.5):
    lo, hi = 0.0, 8.0
    for _ in range(20):
        s = (lo + hi) / 2
        if ((a * s).clip(0, 1) >= cut).mean() < target:
            lo = s
        else:
            hi = s
    return hi
```

या मिप प्रोग्रामरनं युनिटीत `SetPixels` नं एकेक करून भरल्या आणि शेवटी `Apply(false)` केलं. तिथे `false` दिलं नाही तर इंजिन पहिल्या पातळीवरून सगळ्या मिप पुन्हा बनवतं आणि केलेलं काम पुसलं जातं.

मध्यम पट्टी सुधारली. विरळ पट्टी मात्र आता विचित्र वागायला लागली: एका मिपमध्ये पूर्ण भरीव, पुढच्या मिपमध्ये पुन्हा विरळ. कॅमेरा मागे नेताना भांग लुकलुकायचा.

त्या दिवशी संध्याकाळी मी शेजारच्या आजींकडे गेले. त्यांचे फोटो मी आधी रेफरन्ससाठी घेतले होते, पण केस विंचरून झाल्यानंतरचे. त्या दिवशी त्या विंचरत होत्या. तळहातावर खोबरेल, मग फणी. मी त्यांच्या मागे बसून बघत होते. फणी एकदा फिरली की केस सुटे राहत नव्हते. तेलामुळे दहा-बारा केसांची एक बट चिकटायची, मग बारीकशी फट, तिच्यातून टाळू, मग पुढची बट. बटा एकसारख्या नव्हत्या, फटीही नव्हत्या. कुठे फट तांदळाच्या दाण्याएवढी, कुठे नुसती रेघ. विरळपणा दिसत होता तो या फटींमुळे. प्रत्येक केस दुसऱ्यापासून समान अंतरावर आहे, असं कुठेच नव्हतं.

माझ्या विरळ पट्टीत नेमकं तेच होतं. 224 पिक्सेलांत 18 केस, प्रत्येकी साधारण 12 पिक्सेल अंतरावर, नीट पेरलेले. 16 पिक्सेलांचा एक पिक्सेल झाला की प्रत्येकाच्या वाट्याला एक-दीड केस येतो, म्हणजे सगळीकडे तोच 0.2. सगळे आकडे सारखेच असतील तर कुठलीही पट लावा, एक तर सगळे रेषा ओलांडतील नाही तर कुणीच नाही. वीस टक्के उरवायचे तर कुठले वीस, हे ठरवायला आकड्यांत चढउतार लागतो. तो चढउतार म्हणजे बटा आणि फटी.

पट्ट्या पुन्हा केल्या. ब्लेंडरमधला `Clump Hair Curves` लावला, `Guide Distance` सुमारे 2 मिलिमीटर, म्हणजे एका बटेला 25 पिक्सेलांच्या आसपास जागा. हा मॉडिफायर टोकाकडे केस एकत्र ओढतो, मुळं मात्र होती तिथेच पसरलेली ठेवतो. आमची अडचण भांगाची, म्हणजे मुळांचीच. म्हणून मुळांपाशी मी हातानं केस उचलून फटी पाडल्या, 20 ते 40 पिक्सेलांच्या, एकही दुसरीसारखी नाही. विरळ पट्टीचे 18 केस चार असमान बटांत गेले आणि तीन केस एकटे सोडले. हे एकटे केस लांबून जातात, त्यांनी जावंच. दाट पट्टीतही दोन फटी खालपर्यंत नेल्या, तेव्हा कानामागची टोपी फुटून तिथे ओघ दिसायला लागला.

शेवटची गोष्ट टाळूची. कितीही केलं तरी आठव्या-नवव्या मिपमध्ये, आजी पडद्यावर अगदी इवलीशी असताना, पट्टीत हिशेब करायला पिक्सेलच उरत नाहीत. त्यासाठी कार्डांखाली डोक्याच्याच टेक्श्चरवर भांगाच्या दोन्ही बाजूंना केसांच्या रंगाचा करडा हात फिरवला, भांगाच्या रेघेपर्यंत विरत जाणारा. जवळून तो फटींतून सावलीसारखा दिसतो, लांबून कार्डं गेली तरी डोकं पांढरंच राहतं. आणि कार्डांचे नॉर्मल `Data Transfer` नं एका गुळगुळीत डोक्यावरून घेतले, म्हणजे प्रत्येक कार्ड वेगळं चमकत नाही, तेलाची चमक एकसंध पडते.

एक मर्यादा राहिली आहे. हे सगळं 0.5 वर कापणाऱ्या शेडरसाठी जुळवलेलं आहे. रेषा 0.4 केली तर मिप पुन्हा बनवाव्या लागतात. अ‍ॅटलासमध्ये नवी पट्टी घातली तरीही. आमच्याकडे ते एका स्क्रिप्टनं होतं, पण पट्ट्यांच्या कडांचे आकडे अजून हातानंच भरावे लागतात.

परवा फोनवर पुन्हा बघितलं. दिंडी दरवाजातून आत येताना आजी ओट्यावर बसलेली, भांग सरळ, दोन्ही बाजूंना विरळ पण अखंड केस. ताईंनी फोन हातात घेतला, दोनदा आत-बाहेर केलं आणि विचारलं, "कार्डं किती वाढवलीस?"

"एकही नाही," मी म्हटलं आणि त्यांना अ‍ॅटलासमधल्या फटी दाखवल्या.